भिंगात परतलेला उजेड

दिवाळीतली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. गॅलरीत आकाशकंदील टांगलेला आहे. आत एलईडीचा बल्ब आहे आणि खालच्या बाजूने तो थोडा उघडा दिसतो. आभाळात अजून निळसरपणा रेंगाळतो आहे, खाली अंगण जवळजवळ काळं झालं आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर आहे आणि कंदील चौकटीच्या वरच्या उजव्या भागात बसवला आहे. एक फोटो काढा. दुसरा काढायची घाई करू नका. आलेला फोटो पडद्यावर मोठा करा आणि कंदिलाकडे न बघता खालच्या डाव्या कोपऱ्याकडे सरका.

अंगणाच्या अंधारात तिथे काहीतरी आहे. एक फिकट ठिपका, आणि त्याच्याभोवती त्याहून फिकट असा अख्खा कंदील. तो उलटा आहे. झिरमिळ्या वर गेल्या आहेत, कडी खाली आली आहे.

तो पुसून कसा टाकायचा, हा विचार थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी त्याची जागा नीट बघा. चौकटीच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा. खरा कंदील मध्यापासून जितका उजवीकडे आणि जितका वर आहे, तितकाच हा डावीकडे आणि तितकाच खाली आहे. आता कॅमेरा अगदी थोडा उजवीकडे वळवा आणि पुन्हा फोटो काढा. चौकटीत कंदील मध्याकडे सरकला. खालचा कंदीलही समोरच्या बाजूने मध्याकडेच सरकला. दोघांना जोडणारी रेषा प्रत्येक वेळी चौकटीच्या मध्यातूनच जाते. फोटोग्राफर ज्याला घोस्ट म्हणतात तो हा, आणि तो कुठे उमटणार हे फोटो काढायच्या आधी सांगता येतं.

आता उजेडाबरोबर आत चला. कंदिलापासून निघालेला उजेड लेन्समधून जाऊन सेन्सरवर नेमका गोळा झाला. सेन्सरचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत असतो. त्याने थोडा उजेड टिपला नाही, मागे परतवला. तो आल्या वाटेने पुन्हा लेन्समध्ये शिरला आणि पुढच्या तोंडाशी पोचला. तिथे, नवी लेन्स घेताना दुकानदाराने संरक्षणासाठी म्हणून बसवून दिलेला यूव्ही फिल्टर आहे. तो सपाट काच आहे आणि सेन्सरला समांतर आहे. परतीच्या उजेडातला थोडा भाग त्याने आरशासारखा पुन्हा आत लोटला. लेन्सला हा उजेडही बाहेरूनच आल्यासारखा वाटतो, म्हणून तिने तोही इमाने इतबारे सेन्सरवर गोळा केला. फक्त दिशा उलटलेली, म्हणून जागाही उलटी. हा घोस्ट इतका रेखीव का दिसतो तेही यातच आलं: त्याच लेन्सने त्याला दुसऱ्यांदा फोकस केलं आहे.

फिल्टर काढा, बाकी काहीही हलवू नका, आणि तिसरा फोटो घ्या. अंगण रिकामं आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितल्याशिवाय माझ्या या शब्दांवर विसंबू नका. रात्री, दिव्यांच्या रोखाने फोटो काढताना पुढे सपाट काच ठेवायची नाही, असं माझं ठाम मत आहे. समुद्राचे तुषार किंवा वाळू उडत असेल तर फिल्टर हवाच. तिथे काचेवर ओरखडा येण्यापेक्षा घोस्ट परवडतो.

आता दिवसा, मावळतीच्या सूर्यासमोर याच लेन्सने उभे राहा. फिल्टर नाही. तरीही सूर्यापासून मध्याकडे जाणाऱ्या रेषेवर रंगीत ठिपक्यांची माळ उमटते. कुठे हिरवट, कुठे जांभळट, काही गोल, काही पंचकोनी किंवा षट्कोनी. तो आकार लेन्सच्या छिद्राचा असतो, पात्यांच्या संख्येप्रमाणे कोन पडतात. छिद्र लहान केलंत की ठिपके आवळून जास्त ठळक होतात. हे घोस्ट लेन्सच्या आतल्या काचांनी आपापसात घडवलेले आहेत.

ते किती मंद असतात याचा हिशेब सावकाश करू. कोटिंग नसलेल्या साध्या काचेवर समोरून उजेड पडला की हवा आणि काच यांच्या सीमेवर शंभरातले सुमारे चार भाग परततात. म्हणजे दहा हजार भाग आले तर चारशे मागे फिरले. घोस्ट व्हायचा तर त्यांनी आणखी एका पृष्ठभागावर आपटून पुन्हा सेन्सरकडे वळायला हवं. चारशेतले चार टक्के म्हणजे सोळा. दहा हजारांतले सोळा भाग कुणाच्या लक्षातही येऊ नयेत. पण सूर्य त्याच चौकटीतल्या झाडांपेक्षा आणि घरांपेक्षा हजारो पटींनी तेजस्वी असतो, आणि त्याचे सोळा भाग सावलीतल्या भिंतीवर सहज उठून दिसतात.

शिवाय अशी जोडी एकच नसते. 1896 साली झाइसच्या पाउल रुडॉल्फने प्लानार नावाची लेन्स बनवली. तिच्यात हवेला लागलेले आठ पृष्ठभाग होते. आठातून दोन-दोन निवडले की अठ्ठावीस जोड्या होतात, म्हणजे एकदा परतून पुन्हा पुढे येण्याच्या अठ्ठावीस वाटा. त्याच कारखान्यातली 1902 ची टेसार सहा पृष्ठभागांची, पंधरा जोड्यांची. रेखीवपणात प्लानारची रचना उत्तम असूनही त्या काळात टेसार पुढे गेली, याचं एक मोठं कारण हा भटका उजेड होता. प्लानारचे दिवस कोटिंग आल्यावर फिरले.

त्या कोटिंगची चाहूल एका डागाळलेल्या काचेने दिली होती. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या हॅरॉल्ड डेनिस टेलर या लेन्सकाराला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिसलं की, हवेने डागाळलेली जुनी भिंगं नव्या चकचकीत भिंगांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात. काचेवर आपोआप एक पातळ थर तयार झाला होता आणि तो परतणारा उजेड कमी करत होता. असा थर निर्वात पोकळीत, मोजून मापून चढवायची रीत 1935 साली झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने शोधली.

आता लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवा आणि ट्यूबलाइटखाली किंचित तिरपी धरा. आत डोकवा. एकाच ट्यूबची किती बिंबं दिसतात? लेन्स हळूच कलती केलीत तर काही बिंबं एका दिशेने पळतात, काही उलट्या दिशेने. प्रत्येक बिंब म्हणजे एक पृष्ठभाग, तुमच्याकडे थोडासा उजेड परत पाठवणारा. त्यांचे रंग बघा: जांभळा, हिरवा, कुठे अंबरी. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर हिरव्या उजेडासाठी बेतला तर तो साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा असतो, हिरव्याच्या तरंगलांबीच्या, थरातल्या, एक चतुर्थांश. थराच्या वरून आणि खालून परतलेले दोन तरंग एकमेकांच्या विरुद्ध पडतात आणि एकमेकांना खोडतात. हिरवा नीट खोडला जातो, पण लाल आणि निळा थोडे उरतात. त्या उरलेल्यांचा जांभळा रंग तुमच्या डोळ्यांत येतो आहे. अनेक थर दिले की उरणारा उजेड आणखी घटतो. परतणारे चार टक्के अर्ध्या टक्क्यावर आले, तर दहा हजारांतले पन्नास परततात आणि त्यांचा पुढे येणारा वाटा एका भागाच्याही पावपट होतो, सोळाच्या जागी. मधेच एखादं बिंब बिनरंगाचं, पांढरं लख्ख दिसलं तर त्या पृष्ठभागावर कोटिंग नाही किंवा ते घासलं गेलं आहे. जुनी लेन्स घेताना मी हे बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

इथवर दिवा चौकटीत होता. आता लेन्स पुन्हा कॅमेऱ्यावर चढवा आणि कॅमेरा इतका वळवा की सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर जाईल. ठिपके बहुतेक गेले, आणि तरीही फोटो बिघडलेला आहे: काळे केस राखाडी झालेत, सावल्या दुधाळल्यात, सगळ्यावर एक पांढुरकं आवरण आलं आहे. कॅमेरा तसाच ठेवून ट्रायपॉडच्या समोर या आणि लेन्सच्या तोंडाकडे बघा. पुढच्या काचेवर ऊन पडलं आहे. सूर्य फोटोत नाही, पण त्याचं ऊन लेन्समध्ये शिरतं आहे, आतल्या कडांवर आणि नळीच्या भिंतींवर विखुरतं आहे.

तळहात वर धरा, त्याची सावली त्या काचेवर पडेपर्यंत हलवत न्या. पडद्यावर काळे रंग पुन्हा काळे होताना दिसतील. हे एकदा डोळ्यांदेखत घडलं की हूड कशासाठी असतो ते वेगळं सांगावं लागत नाही. हूडची पाकळ्यांची कापणीही याच हिशेबाची आहे. चौकटीचे कोपरे सगळ्यात दूरवर बघतात, म्हणून तिथे हूड खोल कापलेला असतो. त्याची मर्यादाही इथेच आहे. 24 ते 70 मिलिमीटरच्या झूमचा हूड 24 ला चौकटीत दिसू नये इतकाच लांब ठेवावा लागतो. 70 ला तो खूपच आखूड पडतो, तेव्हा हात किंवा टोपी त्याहून चांगलं काम करते. लेन्सवर उलटा चढवून ठेवलेला हूड मात्र पिशवीतली जागा वाचवतो, उजेड नाही. आणि सूर्य चौकटीतच असेल तर कितीही लांब हूड लावा, तो काही करू शकत नाही.

हे पांढुरकं आवरण हात धरूनही गेलं नाही आणि दिवा कुठेही असला तरी येत असेल, तर काचेवर संशय घ्या. बोटाचा तेलकट ठसा, वाफ, धूळ. मोबाइलच्या लेन्सवर बहुतेक वेळा ठसाच असतो, दिव्यातून तिरप्या रेघा फुटलेल्या दिसतात आणि मऊ कापडाने पुसल्यावर जातात. कोकणातल्या पावसाळ्यानंतर आत बुरशी धरलेली असू शकते. एका बाजूने टॉर्च लावून दुसऱ्या बाजूने बघितलं की तिचे जाळीसारखे धागे उजळतात. कोटिंगला तिने खाल्लं असेल तर साफ केल्यावरही खुणा राहतात.

आता पुन्हा कंदिलाकडे वळा. समजा, त्या रात्री फिल्टर काढता येत नाही, त्याचा आटा अडकला आहे. घोस्टची जागा तुम्हाला ठाऊक आहे, तेवढ्याने काम भागतं. कंदील चौकटीच्या मध्याजवळ आणलात तर उलटा कंदील त्याच्याच अंगावर पडून दिसेनासा होतो. थोडी रुंद चौकट घेऊन नंतर हवी तशी कापा. कंदील उजवीकडेच हवा असेल, तर त्याच्या समोरच्या जागी एखादी उजेडातली भिंत किंवा उजळ खिडकी येईल असं उभं राहा, फिकट घोस्ट उजळ भागात हरवतो. सूर्याच्या बाबतीत आणखी एक उपाय आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर न हलवता दोन फोटो घ्या, एक तसाच आणि दुसरा सूर्याच्या तबकडीवर पुढे बोट आडवं धरून. दुसऱ्यात ठिपके नसतात, कारण त्यांना जन्म देणारा उजेड आत आलाच नाही. ज्या जागी ठिपके होते तेवढाच भाग दुसऱ्या फोटोतून घ्यायचा. बोटाची कड फार जवळ ठेवली तर ती पसरून आभाळाचा मोठा भाग झाकते, म्हणून हात पूर्ण लांब करून धरा, आणि लाटा किंवा पानं हलत असतील तर दोन्ही फोटोंमध्ये क्षणाचंही अंतर पडू देऊ नका.