बेरीज जुळली, मग झालं?

काय रे, ‘सर, ताळेबंद जुळला’ असं सांगताना छाती फुगली होती ना? जुळणारच! दोन्ही बाजूंना ८० लाख. बेरीज संगणक करतो, त्यात तुझं कर्तृत्व काय?

मालवणच्या काजू कारखान्याचं उदाहरण दिलं होतं. मुदत कर्ज ४० लाख. तू ते सगळंच्या सगळं दीर्घ मुदतीत ढकललंस. का? ‘कर्ज सात वर्षांचं आहे, सर.’ मेल्या, कर्ज किती वर्षांचं ते विचारलंय कोणी? ३१ मार्चनंतरच्या बारा महिन्यांत त्यातलं किती फेडायचंय, हा प्रश्न आहे. हप्त्यांचं वेळापत्रक फाइलीत होतं. १० लाख. पान उलटायचा कंटाळा! हे १० लाख चालू देण्यांत जातात, अल्पमुदतीच्या कर्जाखाली, वेगळे दाखवून. २०२१ च्या दुरुस्तीपासून शेड्यूल तीन तसंच सांगतं.

आणि ५ लाखांची ठेव? अजून दोन वर्षं मुदत, वर बँकेकडे तारण. ती तू बँक शिलकेत धरलीस. ‘बँकेतच आहे ना, सर!’ बँकेत आहे, पण हाताला लागणार आहे का? ती बिगरचालू मालमत्तेत.

आता बघ काय झालं. तुझ्या कागदावर चालू मालमत्ता २८ लाख, चालू देणी २० लाख, गुणोत्तर १.४. खरं काय? २३ आणि ३०. म्हणजे ०.७७. एकूण बेरीज अजूनही ८० लाखच, एक रुपया हलला नाही. तू आठ लाखांची सोय दाखवलीस, तिथे सात लाखांचा खड्डा आहे. तोही कधी? काजू बी खरेदीचा हंगाम ऐन भरात असताना. बागायतदाराला रोख कुठून देणार, तुझ्या बेरजेतून?

०.७७ म्हणजे दिवाळं, असंही आता बरळू नकोस. सीसीची मर्यादा शिल्लक असेल, तर गाडं चालेल. पण तो प्रश्न वाचणाऱ्याला पडला तरी पाहिजे. तू तो पडूच दिला नाहीस.

तीच सीसी घे. ‘दरवर्षी नूतनीकरण होतं, म्हणून दीर्घ करू का?’ असं परवा विचारत होतास. बँक मागेल तेव्हा परत द्यायची रक्कम ती. दीर्घ कशी होईल? उलट बी गोदामात तेरा महिने पडली, तरी धंद्याचं चक्र तेवढं लांब असेल तर ती चालूच. हे तुला येतं. तोंडी परीक्षेत अचूक सांगितलं होतंस, म्हणून तर चीड येते.

ऊठ. मंजुरीपत्र, हप्त्यांचं वेळापत्रक, ठेवीची पावती काढ. प्रत्येक रकमेपुढे तारीख लिही, आणि मगच रकाना ठरव.