शंभराची वर्गणी

दिवाळीच्या सुट्टीत सायखेड्यासारख्या गावांत दहावीच्या जुन्या वर्गांचे स्नेहमेळावे भरतात. फोन नंबर शोधणं, गुरुजींना घरी जाऊन निमंत्रण देणं, मंडप, जेवण असं सगळं बहुतेक वेळा एकच जण ओढतो. शेवटी कुणीतरी म्हणतं, "याला काहीतरी द्यायला पाहिजे." आणि लगेच दुसरा सुचवतो, "वर्गणीतून उरलेत की!"

ते उरलेले पैसे मात्र घेऊ नयेत. त्यात त्याची स्वतःची वर्गणी आहे आणि हिशोबही तोच ठेवतो. म्हणजे त्याच्याच पैशाने आणलेली भेट त्यालाच त्याच्या वहीत खर्ची टाकावी लागते. भेटीची वर्गणी वेगळी हवी आणि ती दुसऱ्या कुणी गोळा करावी.

आता माणशी किती? पुण्यात नोकरी करणाऱ्याला दिवाळीत बोनस मिळालेला असतो. गोदाकाठच्या द्राक्षबागायतदाराचे तेच दिवस ऑक्टोबर छाटणीनंतरच्या खर्चाचे असतात; औषधं आणि मजुरी चालू असते, पैसा यायचा तो माल निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. कांद्याच्या भावाचा तर नेम नाही. म्हणून पाचशेचा आकडा एकाला किरकोळ वाटतो आणि दुसरा त्यापायी मेळाव्यालाच येत नाही. आकडा सगळ्यात ओढग्रस्त खिशाला झेपेल असा ठरवावा. शंभर रुपये घ्यावेत, जास्त कुणाकडूनच घेऊ नयेत. कुणी दिले, कुणी नाही याची यादी ग्रुपवर टाकू नये, फक्त एकूण जमा सांगावी.

समजा, वर्गात चाळीस जण आहेत आणि अठ्ठावीस जणांनी दिले. झाले २,८००. वस्तू आधी ठरवून तिची किंमत चाळिसांत वाटली असती, तर बारा जणांची तूट गोळा करणाऱ्याच्या अंगावर पडली असती. म्हणून आधी पैसे जमवावेत, मग दुकानात जावं.

घ्यायचं काय? ट्रॉफी कपाटावर जाऊन बसते. एवढ्या पैशांत येवल्याची खरी हातमागाची पैठणी येत नाही, तेव्हा तिच्या नावाखाली यंत्रमागाची घेऊ नये. तयारीच्या बैठका त्याच्या घरी झाल्या असतील, तर तिथे चहा कुणी केला हे आठवावं. जाड बुडाचं स्टीलचं मोठं पातेलं झाकणासकट घ्यावं, पैसे उरले तर सोबत कप. पातेलं वजनावर मिळत असेल तर काट्यावर ठेवताच बजेटात बसतं की नाही ते कळतं. भांड्यांच्या दुकानात मशीनने नावही घालून देतात. काठावर शाळा, दहावीचं वर्ष आणि नवरा-बायको दोघांची नावं घालावीत. देणाऱ्यांची नावं नकोत, नाहीतर न दिलेल्या बारा जणांची यादी त्या घरात कायमची राहील.