पिवळा रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही

तापातून उठलेल्या माणसाला डॉक्टर प्रतिजैविकाच्या जोडीला बी कॉम्प्लेक्सची गोळी लिहून देतात. सकाळी न्याहारीनंतर गोळी पोटात जाते आणि दुपारच्या आत लघवी झगझगीत पिवळी होते, अगदी हिरवट झाक मारणारी. मग घरोघरी तीन निदानं ठरलेली असतात. आजी म्हणते, औषधं गरम पडली, उष्णता वाढली. शेजारी म्हणतो, कावीळ तर नाही ना, बघून घ्या. आणि व्यायामशाळेत जाणारा पुतण्या म्हणतो, गोळी लागू पडतेय, चालू ठेवा. तिन्ही निदानं चुकीची आहेत. चूक नुसती समजुतीत राहिली असती तर लिहायचं कारण नव्हतं. पहिल्या निदानापायी लोक गोळीबरोबर प्रतिजैविकही अर्धवट सोडतात, दुसऱ्यापायी भलत्याच दाराशी जातात आणि तिसऱ्यापायी खरा आजार अंगात तसाच राहतो.

रंगाचं कारण एकच आहे. बी कॉम्प्लेक्स म्हणजे ब गटातल्या जीवनसत्त्वांची मोट. त्यात थायमिन, नायसिन, बी ६, फॉलिक ॲसिड, बी १२ अशी मंडळी असतात. पण लघवीला रंग देणारं त्यातलं एकटं बी २, म्हणजे रायबोफ्लेविन. ते मुळातच पिवळं असतं. खाद्यपदार्थांना पिवळा रंग देण्यासाठीही ते ई १०१ या क्रमांकाने वापरतात. शिवाय त्याच्यावर अतिनील किंवा निळा उजेड पडला की ते हिरवट पिवळं चमकतं. दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा ठेवतात, त्याखाली गोळीच्या चुऱ्याचं पाणी धरलं तर ही चमक डोळ्यांना दिसते. याच गुणामुळे औषधांच्या काही चाचण्यांत गोळीत रायबोफ्लेविन मिसळतात आणि रुग्णाने गोळी खरोखर घेतली का, हे लघवी अतिनील दिव्याखाली धरून पडताळतात.

आता हिशेब पाहू. धडधाकट माणसाला दिवसाकाठी सुमारे २ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन लागतं आणि दूध, दही, अंडी, डाळी, पालेभाज्या यांतून त्यातलं बरंचसं मिळतं. बाजारातल्या नेहमीच्या गोळीत ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. जेवणाबरोबर घेतलेल्या गोळीतलं रायबोफ्लेविन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात चांगलं शोषलं जातं. एका वेळी शोषून घेण्याची आतड्याची मर्यादा २५ मिलिग्रॅमच्या थोडी पुढे आहे, त्यामुळे या गोळीतलं बहुतेक सगळं रक्तात येतं. शरीर आपल्याला लागेल तेवढं पेशींमध्ये कामाला लावतं. साठवून ठेवायची सोय मात्र फारशी नाही. उरलेलं मूत्रपिंडं तासा-दोन तासांत गाळून बाहेर टाकायला लागतात. म्हणून सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा रंग दहा-अकराला सर्वांत भडक दिसतो, संध्याकाळी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी गोळी घेतली नाही तर लघवी पूर्वीसारखी फिकी होते.

यात उष्णतेचा काही संबंध नाही आणि मूत्रपिंडाला इजाही नाही. मूत्रपिंड आपलं रोजचंच काम करतं आहे. जास्तीचं रायबोफ्लेविन विषारी ठरल्याचं आढळलेलं नाही. तेव्हा या रंगाच्या भीतीने गुलकंद खायचा असेल तर खुशाल खावा, पण प्रतिजैविकाचा कोर्स सोडू नये. डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवस पुरे न करता औषध थांबवलं तर मूळ आजार उलटू शकतो. रंगाला घाबरून औषध सोडणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

आता पुतण्याच्या निदानाकडे वळू, कारण हे जास्त फसवं आहे. समजा, पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. माळकरी, मांसाहार वर्ज्य, दूध चहापुरतं. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून ते बी कॉम्प्लेक्स आणतात. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीजर्द होते आणि त्यांची खात्री पटते की जीवनसत्त्व अंगी लागलं. महिनोन्‌महिने ते गोळी घेत राहतात, मुंग्या मात्र वाढत जातात.

झालंय असं की पिवळा रंग बी २ चा आणि त्यांच्या अंगात तूट असण्याची शक्यता बी १२ ची. बी १२ प्राणिज अन्नातूनच मिळतं आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यास त्याचं शोषण कमी होतं, म्हणजे या गृहस्थांवर दोन्ही बाजूंनी मार आहे. बी कॉम्प्लेक्सच्या अनेक गोळ्यांत बी १२ अवघं १५ मायक्रोग्रॅमच्या घरात असतं. जठरातून पाझरणारं एक प्रथिन त्याला धरून आतड्यात पोचवतं, पण एका वेळी ते दीड-दोन मायक्रोग्रॅमच पार नेऊ शकतं. निरोगी माणसाची रोजची गरज तेवढ्याने भागेल. पण कोठार रिकामं झालेल्या आणि नसांवर परिणाम झालेल्या माणसाला ते अपुरं पडतं. त्याला डॉक्टर इंजेक्शन देतात किंवा १००० मायक्रोग्रॅमची गोळी देतात. नसांची इजा फार काळ रेंगाळली तर ती पूर्ण भरून येईलच असं नाही. या गृहस्थांना हवी आहे ती रक्तातल्या बी १२ ची तपासणी. लघवीचा रंग त्यांना एवढंच सांगतो की गोळीतलं जास्तीचं बी २ वाहून गेलं. बी १२ पोचलं का, पुरलं का, याचं उत्तर त्या रंगात नाही. उलट रंग न दिसणं म्हणजे औषध लागू न पडणं, असंही नाही. नुसत्या बी १२ च्या गोळीने लघवी पिवळी होत नाही आणि भरपूर पाणी प्यायलं तर बी २ चा रंगही फिका दिसतो.

मग पिवळ्या रंगाची काळजी कधी करायची? रंगाची जात आणि सोबतची लक्षणं, दोन्ही पाहायची. गोळीचा पिवळा उजळ आणि झगझगीत असतो, गोळीनंतर येतो आणि गोळी थांबवल्यावर दिवसाभरात जातो. उन्हात राबून पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी आणि थोडी होते. पाणी प्यायल्यावर ती निवळते. काविळीत मात्र रक्तातलं बिलिरुबिन लघवीत उतरतं आणि रंग कडक कोऱ्या चहासारखा तपकिरीकडे झुकतो. पाणी प्यायलं, गोळी थांबवली, तरी तो पुरता जात नाही. फेसही पिवळा दिसतो. त्याच्या जोडीला डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, भूक मरते, मळमळतं, अंग खाजतं, कधी शौच पांढुरकी होते. बी कॉम्प्लेक्सने डोळे पिवळे होत नाहीत. ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ घोटाळे टळतील.

गोळी चालू असताना कावीळ होणारच नाही, असंही नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई पसरतात. २०१२ साली इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार जिवावर बेतू शकतो. तेव्हा गरोदर बाईची लघवी गडद झाली आणि भूक गेली, तर 'गोळीचा रंग असेल' म्हणून चार दिवस वाट पाहू नये. क्षयरोगाच्या रुग्णांचंही तसंच आहे. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, तो रंग अपेक्षित आहे आणि त्यासाठी औषध सोडायचं नाही. पण उलट्या, भूक जाणं किंवा डोळे पिवळे होणं सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण क्षयाची काही औषधं यकृताला इजा करू शकतात. लालसर किंवा तांबडी लघवी, जळजळ, ताप, कंबरेत कळ, यांचा बी कॉम्प्लेक्सशी संबंध नाही. त्यांची तपासणी व्हायलाच हवी.

आता शेजाऱ्याच्या सल्ल्याने माणूस जिथे जातो, त्या दाराबद्दल. गावोगाव आजही कावीळ 'उतरवून' मिळते. रुग्णाच्या हातांना आधी काहीतरी चोळतात, मग चुन्याच्या निवळीने हात धुतात आणि पाणी पिवळं होतं. कावीळ निघाली, असं सांगतात. आंब्याच्या सालीचा रस हातावर वाळवून चुन्याचं पाणी लावलं की निरोगी माणसाच्या हातूनही असंच पिवळं पाणी उतरतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हा प्रयोग लोकांसमोर करून दाखवलेला आहे. गोळीच्या रंगाला कावीळ समजून तिथे गेलेला माणूस 'बरा' होतो, कारण त्याला कावीळ नव्हतीच आणि गोळी थांबताच रंग गेला. त्याच्या तोंडच्या कौतुकावर विसंबून खरी कावीळ झालेला दुसरा माणूस तिथे जातो आणि मोलाचे दिवस घालवतो. एकाचा गैरसमज दुसऱ्याच्या जिवाशी येतो तो असा.

याची जबाबदारी फक्त रुग्णावर टाकून चालणार नाही. लघवीबद्दल बोलायची लाज आपण घराघरात जपली आहे. सुनेने सासूला विचारायचं नाही, सासूने डॉक्टरांना विचारायचं नाही. डॉक्टर घाईत आणि औषधवाला त्याहून घाईत. आपण मोठमोठ्या आजारांवर शिबिरं भरवतो आणि रोज लाखो हातांत पडणाऱ्या गोळीबद्दल एक वाक्य बोलत नाही. 'या गोळीने लघवी पिवळी होईल, घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले किंवा भूक गेली तर परत या.' हे वाक्य बोलायला दहा सेकंदही लागत नाहीत. ते न बोलणं हा कामातला कसूर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचणाऱ्यानेही आपल्या वाट्याचं काम करावं. गोळी हातात आली की ती कशासाठी दिली आणि किती दिवस घ्यायची, हे विचारावं. रक्त-लघवी तपासायला जाताना चालू असलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची नावं सांगावीत. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या बायोटिनने थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकू शकतात. शंका आलीच तर डॉक्टरांना विचारून बी कॉम्प्लेक्स दोन दिवस थांबवावं, पण बाकीची औषधं चालू ठेवावीत. दोन दिवसांनीही रंग गेला नाही, तर यकृताची तपासणी करून घ्यावी. आणि हे सगळं घरातल्या बायकांनी, पुरुषांनी एकमेकांना मोकळेपणी सांगावं. लघवीचा रंग सांगण्यात लाज नाही. तो लपवून आजार वाढवण्यात आहे.