दशांश चिन्हापुढचा दावा

अकरावी-बारावीच्या प्रयोगवह्यांत साध्या लंबकावरून काढलेलं g चं उत्तर पुष्कळदा ९.७७१३३८६ असं दिसतं. कॅल्क्युलेटरने दाखवलेले सगळे अंक तसेच उतरवलेले असतात. पण उत्तरातला प्रत्येक अंक हा एक दावा असतो, आणि इथले बहुतेक दावे निराधार आहेत.

हे उत्तर आलं कुठून ते पाहू. लंबकाची लांबी ९९.५ सेंटिमीटर आणि २० आंदोलनांना लागलेला वेळ ४०.१ सेकंद. म्हणजे एका आंदोलनाला २.००५ सेकंद. मीटरपट्टीने गोळीचा मध्य ठरवताना दोनएक मिलिमीटर इकडेतिकडे होतात. ही चूक ०.२ टक्के. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं खरं, पण ते दाबणाऱ्या बोटामुळे ०.२ सेकंदाचा फरक सहज पडतो. चाळीस सेकंदांत तो अर्धा टक्का झाला. सूत्रात आंदोलनकालाचा वर्ग असल्यामुळे g मध्ये तो दुप्पट, म्हणजे एक टक्का होतो. एक टक्का म्हणजे जवळजवळ ०.१. तेव्हा दशांशानंतरचा पहिलाच अंक डळमळीत असताना पुढच्या सहा अंकांना अर्थ उरत नाही. उत्तर ९.८ ± ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग, एवढंच.

मात्र ही काटछाट अगदी शेवटी करायची. मध्येच २.००५ चे २.० केले तर उत्तर ९.८२ येतं, आणि मोजमापात नसलेली ०.०५ ची चूक आपणच आकडेमोडीत घालून ठेवतो.

± च्या मागे एक चूक मात्र लपून राहते. दोऱ्याची लांबी मोजली आणि गोळीची एक सेंटिमीटर त्रिज्या धरायची राहिली, तर उत्तर ९.६७ येतं. प्रयोग कितीही वेळा करा, सरासरी तिथेच घुटमळते. ही चूक पकडायला लांबी बदलत जायची आणि आंदोलनकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढायचा. रेषा सरळ येते, पण शून्यातून जात नाही. लांबीच्या अक्षाला ती शून्याच्या एक सेंटिमीटर अलीकडे छेदते. रेषेच्या चढावरून काढलेला g मात्र बरोबर येतो.

पुस्तकात ९.८१ असतं म्हणून उत्तर ओढूनताणून तिथे नेणारे विद्यार्थी पाहिले की वाईट वाटतं. पुण्यात g जवळपास ९.७८ आहे. हा ०.०३ चा फरक आपल्या ± ०.१ मध्ये बुडून जातो. तो दिसायला हवा असेल तर २० ऐवजी १०० आंदोलनं मोजावी लागतील. मग वेळेमुळे g मध्ये येणारी चूक ०.२ टक्क्यांवर उतरते, लांबीतल्या चुकीच्या बरोबरीला येते, आणि तिथून पुढे स्टॉपवॉचवर कितीही मेहनत घेतली तरी आधी गोळीचा मध्य नीट शोधावा लागतो.