मावशींची साडी आणि शिंप्याचं बिल

आमच्याकडच्या मावशी चार घरची धुणीभांडी करतात. प्रत्येक घरी अडीच हजार. गेल्या दिवाळीत कुठून काय मिळालं, ते त्यांनी भांडी विसळता विसळता मला सांगितलं. एका घरून महिन्याचा पगार रोख. दुसऱ्या घरून दोन किलो रवा, दोन किलो साखर आणि डालड्याचा पुडा. तिसऱ्या घरून सोनपापडीचा डबा, तोही बहुधा त्यांच्याकडे कुणीतरी आणून दिलेला. चौथ्या घरून साडी.

“साडी छान आहे ताई, पण शिंपी म्हणाला, ब्लाऊज आता दिवाळीनंतरच. वर फॉल-पिको आणि शिलाई मिळून पाचशे रुपये गेले.”

हे चौथं घर आमचंच. देण्याघेण्याच्या साड्यांच्या गठ्ठ्यातली एक काढून, वर कुंकू लावून मी ती दिली होती. मावशींना ती साडी पाचशे रुपयांना पडली, हे माझ्या गावीही नव्हतं.

रव्याची गोष्ट आणखी वेगळी. तो धनत्रयोदशीला मिळाला. तोवर मावशींचे लाडू वळून झाले होते आणि किराणा उधारीवर आला होता. वाण्याची उधारी काही रवा देऊन फिटत नाही.

वस्तू देण्याच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, आणि ते मी कामाच्या बायकांच्याच तोंडून ऐकलंय. रोख घरी नेली की नवऱ्याचा नाहीतर सावकाराचा हात आधी पोचतो. किराणा निदान पोरांच्या पोटात जातो. हे खोटं नाही. पण यावरचा तोडगा बायकांनीच काढलेला असतो: “ताई, पैसे तुमच्याकडेच ठेवा, जूनमध्ये फीला लागतील,” किंवा “मला कुकरच घेऊन द्या.” असं मागून घेतलेला कुकर आणि आपण परस्पर ठरवलेली साडी यांत फार अंतर आहे. म्हणून काय हवं ते नवरात्रातच विचारावं, आणि उत्तर “तुम्ही द्याल ते” असं आलं तर रोख द्यावी. साडी द्यायचीच असेल तर पैशांवर द्यावी, पैशांऐवजी नाही.

बोनस ही खुशी की हक्क, हा वाद मुंबईच्या गिरण्यांइतका जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालकांनी बोनस सुरू केला, कामगार त्यावर हिशेब बांधू लागले, आणि १९२३ सालचा बोनस नाकारला गेला तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीने कौल दिला की, कामगारांचा त्यावर कसलाही हक्क सिद्ध होत नाही, ना रूढीने, ना कायद्याने. पुढे १९६५ च्या कायद्याने तो हक्क दिला, आणि नंतर त्याचा किमान दर ठरला वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बारावा हिस्सा, म्हणजेच एक महिन्याचा पगार. पण तो कायदा कारखान्यांना आणि वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. स्वयंपाकघराचा ओटा त्यात कुठे बसणार? पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, संघटना उभी राहिली. तरी आजही मावशींचा बोनस आपल्या मर्जीवरच आहे. मॅक्लिऑडसाहेबांचा निकाल आपल्या घराघरांत अजून लागू आहे म्हणायचा.

मात्र बारावा हिस्सा हा हिशेब आपल्याला उसना घेता येतो. बाई एप्रिलमध्ये लागली आणि दिवाळीपर्यंत सात महिने झाले, तर अडीच हजारांचे सात-बारांश, म्हणजे चौदाशे अठ्ठावन्न, ते पंधराशे करून द्यावेत. ‘अजून वर्ष कुठे झालंय’ म्हणून मिठाईच्या डब्यावर बोळवण करू नये. ड्रायव्हरचा बहुधा एकच मालक असतो, त्यामुळे अठरा हजार पगार असेल तर अठरा हजार. तिथे आकडा मोठा दिसतो म्हणून हात आखडतो आणि शर्टपीस पुढे होतो. त्या शर्टपीसलाही शिलाई पडतेच.

उचल बोनसमधून कापणं हा प्रकार तर मला सर्वांत वाईट वाटतो. चार हजारांची उचल दरमहा पाचशेने फिटत असेल तर तशीच फिटू द्यावी. दिवाळीत रिकामं पाकीट आणि वर ‘तुझे पैसे वळते केले’ हे वाक्य, दोन्हींची वसुली कामातून होते. दांड्या पडू लागतात आणि मग आपण म्हणतो, बाई बदलली.

आमच्या इमारतीत दरवर्षी कुणीतरी बजावतं, “जास्त देऊन रेट बिघडवू नका.” गंमत म्हणजे सोनपापडी देऊन कुणी रेट बिघडवला, अशी तक्रार कधी येत नाही.

यंदा मी साड्यांचं कपाट उघडलं नाही. ऑक्टोबरच्या पगाराबरोबर अडीच हजारांचं वेगळं पाकीट दिलं, वसुबारसेला अजून नऊ दिवस होते. मावशींनी ते तिथेच उघडलं, मोजलं, आणि परकराच्या खिशात घालून आधी वाण्याकडे गेल्या.