वजा केली ती महागाई कोणती?

31 मे 2024 रोजी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2023-24 या आर्थिक वर्षाचे हंगामी अंदाज जाहीर केले. चालू किमतींना मोजलेले देशाचे सकल उत्पादन 269.50 लाख कोटी रुपयांवरून 295.36 लाख कोटींवर गेले होते, म्हणजे 9.6 टक्के वाढ. महागाई काढून टाकल्यावर उरणारी खरी वाढ 8.2 टक्के असल्याचे सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 8.2 होता. पण त्याच वर्षी किरकोळ महागाईचा सरासरी दर सुमारे 5.4 टक्के होता, हेही लोकांना ठाऊक होते. त्यामुळे अनेकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली: 9.6 उणे 5.4, उरले 4.2. मग 8.2 आले कुठून?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'तज्ज्ञांवर विश्वास ठेवा' हे उत्तर नाही. जाहीर झालेल्या आकड्यांवरून काही गोष्टी कोणालाही पडताळता येतात. काही मात्र तेवढ्यावरून पडताळता येत नाहीत, आणि या दोहोंची सीमा कुठे आहे ते कळणे महत्त्वाचे आहे.

आधी हिशेब. स्थिर किमतींना, म्हणजे 2011-12च्या भावांनी मोजलेले उत्पादन 160.71 लाख कोटींवरून 173.82 लाख कोटींवर गेले. दोन्ही वर्षांसाठी चालू किमतींच्या आकड्याला स्थिर किमतींच्या आकड्याने भागले, की भावपातळी मिळते. 2022-23 साठी ती 1.677 आणि 2023-24 साठी 1.699 येते. 2011-12 मध्ये 1 रुपयाला मिळणारे उत्पादन 2023-24 मध्ये सरासरी 1 रुपया 70 पैशांना मिळत होते, असा त्याचा अर्थ. या दोन भावपातळ्यांमधली वाढ 1.3 टक्के आहे. आता उलटा ताळा करू: 1.0816 ला 1.0133 ने गुणले की 1.096 येतात. म्हणजेच 9.6 टक्के. हिशेब जुळला.

इथे वजाबाकी न करता भागाकार का करायचा, तेही सांगायला हवे. भाव वाढले की ते आधीच्या उत्पादनाबरोबर वाढीव उत्पादनालाही लागतात. म्हणून दोन्ही वाढी एकमेकींत मिळवल्या जात नाहीत, गुणल्या जातात. दर लहान असतील तर फरक किरकोळ असतो; इथे वजाबाकीने 8.3 आले असते. पण चालू किमतींची वाढ 60 टक्के आणि भाववाढ 50 टक्के असेल, तर वजाबाकी 10 सांगते आणि खरे उत्तर 6.7 असते. ज्या देशात महागाई भडकलेली असते, तिथे ही चूक दिशाभूल करण्याइतकी मोठी होते.

तर 8.2चा हिशेब बरोबर आहे. वाद आहे तो 1.3 या आकड्याबद्दल. घराघरांत महागाई 5.4 टक्क्यांनी जाणवत असताना देशाच्या एकूण उत्पादनाचे भाव फक्त 1.3 टक्क्यांनी कसे वाढले?

यातला काही फरक निखळ आहे. किरकोळ महागाईचा निर्देशांक कुटुंबाची खरेदी मोजतो. त्या वेळच्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेये यांचा वाटा जवळजवळ 46 टक्के होता. भाजीपाला आणि डाळी महागल्या की तो लगेच उसळतो. देशाच्या उत्पादनात मात्र यंत्रे, सिमेंट, पोलाद, रसायने, निर्यातीचा माल असे पुष्कळ काही येते, जे कोणाच्या पिशवीत दिसत नाही. त्या वर्षी घाऊक किमतींचा निर्देशांक सरासरी 0.7 टक्क्याने खाली होता. म्हणून 9.6 मधून 5.4 वजा करून '4.2 हीच खरी वाढ' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते एका टोपलीचे वजन दुसऱ्या टोपलीतून वजा करत आहेत.

पण फरकाचा दुसरा भाग मोजण्याच्या पद्धतीतून येतो, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. एक फरसाण बनवणारा घ्या. वर्षाची विक्री 10 लाख, बेसन आणि तेल यांचा खर्च 7 लाख. त्याने केलेली मूल्यवाढ 3 लाख. पुढच्या वर्षी त्याने तितकेच किलो फरसाण तितक्याच भावाला विकले, पण बेसन आणि तेल 10 टक्क्यांनी स्वस्त झाले. खर्च 6.3 लाखांवर आला, मूल्यवाढ 3.7 लाख झाली. फरसाणाचा भाव बदललेला नाही, म्हणून त्या भावाच्या निर्देशांकाने भागले तर खरी वाढ 23 टक्के दिसते. कढईतून मात्र एक किलोही जास्त निघालेले नाही.

बरोबर रीत अशी, की विक्रीला विक्रीच्या भावाने आणि कच्च्या मालाला कच्च्या मालाच्या भावाने भागायचे, मग वजाबाकी करायची. तसे केले की 10 उणे 7, पुन्हा 3 लाख, वाढ शून्य. याला दुहेरी डिफ्लेशन म्हणतात. 2011-12च्या मालिकेत कारखानदारीसाठी आपण ते करत नव्हतो; एकाच निर्देशांकाने भागत होतो. कच्चा माल तयार मालापेक्षा जास्त स्वस्त झाला की ही पद्धत वाढ फुगवते. तो जास्त महागला की तीच पद्धत वाढ दाबते. वरच्या उदाहरणात बेसन आणि तेल 10 टक्क्यांनी महागले आणि फरसाणाचा भाव तोच राहिला, तर मूल्यवाढ 2.3 लाखांवर येते आणि 23 टक्के घट दिसते. तीही खोटीच. म्हणजे ही पद्धत एखाद्या सरकारच्या बाजूने झुकलेली नाही, ती किमतींच्या दिशेप्रमाणे झुकते.

बाहेरून हे ओळखण्याचा एक मार्ग आहे: पैशांऐवजी नग, टन आणि मीटर पाहायचे. त्या वर्षी हंगामी अंदाजांत कारखानदारीची खरी मूल्यवाढ 9.9 टक्के होती. औद्योगिक उत्पादनाच्या निर्देशांकात कारखानदारीची वाढ 5.5 टक्के होती. हा पुरावा नाही, कारण तो निर्देशांक उत्पादन मोजतो, मूल्यवर्धन मोजत नाही. त्याची वस्तूंची यादीही तेव्हा जुनी झाली होती. पण कच्चा माल उतरत असलेल्या वर्षात एवढी दरी दिसली, तर एकेरी भागाकाराचा संशय घ्यायला हवा, असे माझे मत आहे. त्यामुळे 8.2 मधला नेमका किती भाग फुगलेला, ते मात्र कळत नाही. ते सांगायला प्रत्येक उद्योगाच्या कच्च्या मालाचे भाव वेगळे लागतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये याच वर्षाचे सुधारित आकडे आले. चालू किमतींची वाढ 9.6 वरून 12 टक्के झाली, खरी वाढ 8.2 वरून 9.2 झाली. मथळ्यांत एक टक्क्याची ही वाढ ठळकपणे आली. मी भागाकार करून पाहिला: 1.12 भागिले 1.092. त्यातून निघणारी भाववाढ 2.6 टक्के येते. त्याच वर्षाची, त्याच देशाची भाववाढ नऊ महिन्यांपूर्वी 1.3 होती. ती दुप्पट झाल्याचे मी कोणत्याही मथळ्यात वाचले नाही.