राहू द्या, नंतर बघू

मराठीत ‘राहू द्या’चे दोन अर्थ होतात. ‘आत्ता नको, पुढे केव्हातरी द्या’ हा एक आणि ‘सोडून द्या, मला नकोत’ हा दुसरा. बोलताना आवाजावरून कळतं, पण व्हॉट्सॲपच्या जुन्या चॅटमध्ये आवाज नसतो. माझ्या मावशीच्या चॅटमध्ये डिसेंबर २०१६ची एक ओळ आहे: “बाकीचं राहू द्या बाई, नंतर बघू.” लिहिणारा माणूस तिच्या पुस्तकाचं डीटीपी करणारा. ‘बाकीचं’ म्हणजे बिलातले ४,५०० रुपये. मावशी आता नाही. ही बाकी आहे की माफ झाली, हे जगात एकच माणूस सांगू शकतो, आणि त्याचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

कायद्याचं म्हणाल तर विषय संपलेला आहे. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा उधारीसाठी साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो. गंमत म्हणजे मुदत संपली की कोर्टात जायचा रस्ता बंद होतो, देणं पुसलं जात नाही. म्हणजे ४,५०० रुपये कुणी मागू शकत नाही, पण ते कुणाचे तरी असू शकतात. मला त्यांचं काय करायचं ते ठरवायचं होतं, म्हणून मी नंबर शोधायला बसले.

सुरुवात मावशीच्या ईमेलपासून केली. पासवर्ड तिच्या वहीत होता, तो ताईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने दिला. थोडी घाईही होती, कारण दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल असं खातं मिटवू शकतं. गेलेल्या माणसाची पत्रं वाचायची नसतात असं मला वाटतं, म्हणून सगळी इनबॉक्स न चाळता फक्त त्या एका वर्षातला कामाचा पत्रव्यवहार उघडायचा असं ठरवलं. शोध असा होता:

```
डीटीपी after:2016/01/01 before:2017/01/01
filename:pdf after:2016/01/01 before:2017/01/01
```

इथे एक गोष्ट कळली तर बराच वेळ वाचतो. जीमेल नंबराचा तुकडा शोधत नाही. ‘९८ने सुरू होणारा काहीतरी’ एवढंच आठवत असेल तर ते दोन आकडे टाकून काही सापडत नाही. पूर्ण दहा आकडे माहीत असले, तरी समोरच्याने मध्ये जागा सोडून पाच-पाच असे लिहिले असतील तर तेही हुकू शकतात. म्हणून नंबर शोधू नये, नंबराच्या शेजारी काय असेल ते शोधावं: डीटीपी, प्रूफ, बिल, ‘मोबा.’

त्यांच्या एकोणीस मेल सापडल्या. बहुतेकांच्या तळाशी सही दिसेना, कारण पुन्हापुन्हा येणारा मजकूर जीमेल तीन टिंबांमागे दडवतं. टिंबांवर टिचकी मारली की सही उघडते. फेब्रुवारीच्या सहीत दुकानाचं नाव, लँडलाइन आणि दोन मोबाइल होते. ऑगस्टमध्ये लँडलाइन गेली. नोव्हेंबरात एकच मोबाइल उरला, आणि तो आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळा होता. एका वर्षात एका माणसाचं दुकान आकसत जाताना सहीतून दिसतं, हे मला अपेक्षित नव्हतं.

बिल डिसेंबरचं, म्हणजे सगळ्यात नवं. साहजिकच वाटतं की त्यावरचा नंबर खरा. पण बिलबुक एकदा छापलं की ते संपेपर्यंत चालतं. या बिलावर फेब्रुवारीतलेच दोन मोबाइल होते, ऑगस्टमध्ये गेलेली लँडलाइनही होती. कागद नवा आणि नंबर जुना. सहीचंही थोडंफार तसंच असतं, ती आपोआप चिकटते आणि बदलायची राहून जाते. सर्वांत भरवशाचा नंबर तो, जो माणसाने स्वतः हाताने टाइप करून ‘आता यावर फोन करा’ असं म्हटलेलं असतं. तो मेलमध्ये नव्हता. (बिलावर जीएसटी क्रमांक असता तर सरकारी पोर्टलवर व्यवसायाचं नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, हे पाहता आलं असतं. पण जीएसटी आला जुलै २०१७मध्ये, आणि सेवा देणाऱ्या छोट्या माणसाला वर्षाला वीस लाखांच्या आत साधारणपणे नोंदणी लागतही नाही. शिवाय मोबाइल नंबर तिथे दाखवत नाहीत.)

बिलाचा आणखी एक उपयोग झाला. एकूण १४,५००, आगाऊ १०,०००, बाकी ४,५००. मावशीच्या पासबुकात दहा हजारांचा चेक दिसतो, साडेचार हजारांची नोंद नाही. पण मावशी निम्मे व्यवहार रोखीने करायची. तेव्हा ‘दिले नाहीत’ हे पासबुकावरून ठरत नाही, फक्त ‘चेकने दिले नाहीत’ एवढंच ठरतं.

मग चॅट. मावशीचा फोन विकण्याआधी ताईने दोन चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल केल्या होत्या. या एक्स्पोर्टची खोच अशी की ज्याचा नंबर सेव्ह होता, त्याच्या प्रत्येक ओळीपुढे नाव येतं, नंबर येत नाही. मावशीने त्यांना ‘डीटीपी पुस्तक’ म्हणून सेव्ह केलं होतं, त्यामुळे दोनशे ओळींच्या फाइलमध्ये ‘डीटीपी पुस्तक’ दोनशे वेळा आहे आणि आकडा एकही नाही. उलट, ज्यांना कुणी सेव्ह करत नाही त्यांचे नंबर अशा फाइलमध्ये जसेच्या तसे राहतात. दुसरी चॅट पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाच्या ग्रुपची होती आणि ती ताईच्या फोनवरून निघालेली. ताईने त्यांना सेव्ह केलं नव्हतं, त्यामुळे तिथे त्यांचा नंबर होता. तो नोव्हेंबरच्या सहीशी जुळला. मार्च २०१७मध्ये त्यांनी स्वतः लिहिलं होतं की आता हा दुसरा नंबर वापरा. त्यापुढे अकरा जणांचे अंगठे, आणि दोन महिन्यांनी त्यांनी ग्रुप सोडल्याची ओळ.

इथपर्यंत मला मजा येत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. धागा जुळला की बरं वाटतंच. ती ‘ग्रुप सोडला’ची ओळ वाचल्यावर मी थांबले. या माणसाने सहीतून नंबर काढले, दुकान बंद केलं असावं आणि ग्रुपमधून तो निघून गेला. प्रत्येक पावलावर तो थोडा कमी सापडेल असा होत गेला, आणि मी ती पावलं उलट्या क्रमाने लावून त्याच्या दारापर्यंत चालले होते.

हेलन निसेनबाऊम या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी २०१०च्या ‘प्रायव्हसी इन कॉन्टेक्स्ट’ या पुस्तकात जे मांडलंय ते इथे कामाला येतं. माहितीचे ‘गुप्त’ आणि ‘उघड’ असे दोनच डबे नसतात. प्रत्येक माहिती कुठल्यातरी संदर्भात दिलेली असते आणि त्या संदर्भाचे अलिखित नियम तिच्याबरोबर येतात. डॉक्टरला सांगितलेलं साहेबाला कळलं तर खटकतं, भले ते गुपित नसो. या माणसाने नंबर दिला होता पुस्तकाच्या कामासाठी, मावशीला आणि एका समारंभाच्या ग्रुपला. मला दिलेला नव्हता. तीन ठिकाणचे तुकडे मी जोडले, म्हणून तो मला दिल्यासारखा होत नाही.

ताईला हे पटलं नाही. “अगं, आपण पैसे मागत नाहीयोत, द्यायला चाललोय!” तिचा मुद्दा सहज उडवण्यासारखा नाही. देणेकऱ्याने घेणेकऱ्याला शोधत फिरावं यात कुणाला काय वावगं वाटणार? पण मला वाटतं, हेतू चांगला असल्याची खात्री फक्त आपल्याला असते. अनोळखी नंबरावरून ‘तुमच्या जुन्या व्यवहाराबद्दल बोलायचं आहे’ असा मेसेज आला, तर दुकान बुडालेल्या माणसाला सगळ्यात आधी काय वाटेल? आणि नंबर आता त्याचाच आहे हे तरी कशावरून? भारतात बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस थांबवून नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. २०२३मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि कंपन्यांना असे नंबर पुन्हा देण्यापासून न्यायालयाने रोखलं नाही. म्हणजे सात-आठ वर्षं जुना नंबर जुळला, याचा अर्थ तो त्या वेळी त्यांचा होता, एवढाच. तो मेसेज एखाद्या बारावीतल्या मुलीलाही गेला असता.

ताईने सोपा उपाय सुचवला. यूपीआयमध्ये नंबर टाकायचा, बँकेतलं नाव दिसतं, जुळलं तर ४,५०० पाठवून मोकळं व्हायचं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण ‘मोकळं’ कोण होणार? आम्ही. त्याने ते पैसे मायेने सोडले असतील, तर इतक्या वर्षांनी न विचारता परत केल्याने ती माया आम्ही परत केली असं होईल. पैसे राहिलेच असतील, तरी बिनआवाजी रक्कम खात्यात पडल्यावर हे कुणाचे, का आले, याचा घोर त्यालाच. मला पैसे टाकायचे नव्हते, ‘राहू द्या’चा अर्थ विचारायचा होता.

बिलावर अजून एक गोष्ट होती, पत्ता. शनिवार पेठेतलं दुकान. दुकानाचा पत्ता मोबाइल नंबरासारखा नसतो. कुणीही यावं म्हणूनच तो छापलेला असतो. मी गेले. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मालक तिशीतले, त्यांना डीटीपीवाले काका माहीत होते. वर्षातून एकदा येतात म्हणाले, आणि खिशातून फोन काढून नंबर शोधायलाही लागले.

“नको, नंबर नको,” मी म्हटलं. “माझा त्यांना द्याल का?”

ते जरा चमकले, मग पावतीचा कोरा कागद पुढे सरकवला. त्यावर मी मावशीचं नाव लिहिलं, पुस्तकाचं नाव, माझा नंबर, आणि खाली: ‘तुमचं एक विचारायचं राहिलंय. वाटलं तरच फोन करा.’ रक्कम लिहिली नाही. मालकांनी कागद काउंटरच्या काचेखाली, क्यूआर कोडच्या शेजारी सरकवला.

ताई म्हणते, हा शुद्ध वेळकाढूपणा आहे. वर्षभर काका आले नाहीत तर ती स्वतः फोन करणार आहे. तिच्याकडे नंबर आहे, मीच शोधून दिलेला. ४,५०० रुपये आम्ही वेगळे काढून ठेवलेत.